एलओएसचा लाल दिवा: दुमडलेली वायर, धुळीचा प्लग आणि कंपनीला नेमकं काय सांगायचं

प्रश्न: "काल हॉलमधला सोफा भिंतीला लावला. आज सकाळपासून फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकतोय, नेट बंद. डबा दोनदा बंद-चालू केला, फरक नाही. मागची पिवळी बारीक वायर सोफ्यामागे दुमडल्यासारखी दिसते आणि डब्यात जाणाऱ्या हिरव्या प्लगवर धूळ बसली आहे. प्लग काढून पुसू का? कस्टमर केअरवाले पुन्हा पुन्हा रीस्टार्टच करायला सांगतात. त्यांना काय सांगू?"

प्लग अजून काढू नका. आधी सोफा पुढे ओढा, वायर मोकळी करा आणि दोन-तीन मिनिटं दिव्याकडे बघत थांबा. पुढचं सगळं त्यानंतर काय होतं यावर ठरेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण तुम्ही दिलेल्या दोन गोष्टींपैकी एक जवळजवळ निर्दोष आहे. प्लगच्या बाहेरच्या अंगावर बसलेली धूळ प्रकाश अडवत नाही. प्रकाश जातो तो आतल्या पांढऱ्या सिरॅमिक नळीच्या टोकातून. प्लग नीट बसलेला असेल तर ते टोक डब्याच्या आत दाबून बंद असतं आणि तिथवर धूळ सहसा पोचत नाही. ती पोचते तुम्ही प्लग बाहेर काढता तेव्हा. म्हणजे आत्ता बाहेर असलेली धूळ आत न्यायचं काम नेमकं पुसण्याच्या खटपटीतच होतं. काल सोफा सरकवताना कुणी प्लग काढून परत लावला होता का, हे मात्र घरात विचारा. उत्तर "हो" असेल तर धूळही तितकीच संशयित ठरते.

आता लाल दिवा. एलओएस म्हणजे डब्याला पुरेसा प्रकाश मिळत नाही. "पुरेसा" हा शब्द महत्त्वाचा. प्रकाश एका मर्यादेच्या खाली गेला की दिवा लागतो, वर आला की विझतो. किती कमी पडतोय, कशामुळे पडतोय, हे तो सांगत नाही. बऱ्याच डब्यांवर लाल लुकलुकतो, काहींवर स्थिर राहतो, काहींवर दिव्याचं नाव फक्त अलार्म असतं. त्यामुळे लुकलुकणं आणि स्थिर राहणं यातून फार अर्थ काढू नका. त्याच्या शेजारच्या पॉनच्या दिव्याकडे बघा. एलओएस लाल आणि पॉन बंद असेल तर पुरेसा प्रकाशच येत नाही. एलओएस विझलेला आणि पॉन सतत लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण डब्याची कंपनीच्या यंत्राशी ओळख पटत नाही. ती वेगळी भानगड आहे आणि तिथे वायर हलवून उपयोग नसतो.

दुमडल्याने नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे वायर कशी सोडवायची ते आपोआप कळेल. पिवळ्या वेष्टणाच्या आत जी काच असते तिची जाडी १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश वाहतो तो तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. काच फार वळली की प्रकाश गाभ्यातून बाहेर झिरपतो. जुन्या प्रकारच्या फायबरला साधारण ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही. घरांसाठी बनवलेलं नवं फायबर १० किंवा साडेसात मिलिमीटरपर्यंत तग धरतं. वेष्टणावर बऱ्याचदा बारीक अक्षरात ६५२ किंवा ६५७ असा आकडा छापलेला असतो. ६५७ म्हणजे वाकणं सहन करणारं. पण सोफ्याचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये चेपलेली वायर यातलं काहीच पाळत नाही. तिथे त्रिज्या दोन-तीन मिलिमीटरवर येते.

यात आणखी एक गोष्ट आहे. अशा सेवेत एकाच काचेतून दोन्हीकडची वाहतूक चालते. तुमच्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि तुमच्याकडून जाणारा १३१० चा. निदान सध्या सर्वात जास्त दिसणाऱ्या जीपॉन प्रकारात तरी असंच आहे. लांब लहर वाकण्याला जास्त भिते. म्हणून दुमड पडली की आधी तुमचा डबा बहिरा होतो. तुमचा आवाज तिकडे पोचण्याइतका रस्ता कदाचित अजून शिल्लक असतो, पण डब्याला काही ऐकूच येत नसल्याने तोही बोलायचं थांबवतो.

वायर सोडवताना ओढू नका. सोफा उचलून पुढे घ्या, वायर सरकवू नका. मग दुमडीची जागा दोन बोटांत हलके धरून सरळ होऊ द्या. उलट्या बाजूला वाकवून "सरळ" करायचा मोह होतो, तो टाळा. वेष्टणावर पांढरट चुणी उमटली असेल, तर आतली काच तडकली आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. काच वेष्टणाबाहेर डोकावत असेल तर तिथे हात लावू नका आणि चिकटपट्टीने जोडायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. काचेचा तो तुकडा केसाएवढा असतो, बोटात घुसला की दिसतही नाही आणि निघतही नाही. अशा वेळी ती जागा तशीच सोडून तंत्रज्ञाला बोलवावं.

समजा वायर मोकळी केली आणि दिवा विझला. इथेच बहुतेक जण हात झटकतात, आणि माझा खरा आग्रह याच ठिकाणी आहे. दिवा विझला म्हणजे प्रकाश मर्यादेच्या वर आला, पूर्वीइतका झाला असं नाही. तो आकडा बघा. संगणक किंवा मोबाईल डब्याच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका. तो बहुधा 192.168.1.1 असतो, नक्की पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या तळाच्या स्टिकरवर सापडतो. नेट बंद असलं तरी हे पान उघडतं, कारण ते डब्यातच असतं. आत Optical Info किंवा PON Status अशा नावाचं पान शोधा. त्यात RX Optical Power असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि पुढे उणे चिन्हासह आकडा, डीबीएम या प्रकाशाच्या मापात. काही कंपन्या ग्राहकाला हे पान दाखवत नाहीत. तसं असेल तर आकडा फोनवर विचारायचा, त्याबद्दल खाली लिहितो.

हा आकडा उणे असल्यामुळे वाचताना घोळ होतो. उणे १९ हा उणे २७ पेक्षा चांगला. जीपॉनचा डबा साधारण उणे २७ पर्यंत ऐकू शकतो, काही डबे उणे २८ पर्यंत. त्याच्या खाली गेलं की लाल दिवा. दुसऱ्या टोकाला उणे ८ पेक्षा जास्त प्रकाश आला तर डबा दिपतो, पण घरात असं क्वचितच होतं. आणि दर ३ अंकांना प्रकाश निम्मा होतो एवढं लक्षात ठेवा. एक शहाणी जोडणी झालेल्या घरात उणे १८ ते उणे २४ च्या दरम्यान कुठेतरी आकडा दिसतो. नक्की किती, ते तुमचं घर किती लांब आहे आणि वाटेत एका काचेचे किती वाटे केले आहेत यावर अवलंबून असतं. ३२ वाटे करणारा एक स्प्लिटर एकटाच सुमारे १७ अंक, म्हणजे १७ डीबी, खातो. म्हणून शेजारच्या घराचा आकडा तुमच्याशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. तुमचा आज आणि तुमचा जोडणीच्या दिवशीचा, एवढीच तुलना करावी.

एका घरी गेलो होतो तिथला प्रसंग तुमच्यासारखाच होता, म्हणून सविस्तर सांगतो. कपाट सरकवल्यावर लाल दिवा. डब्यावरच्या आकड्यात उणे २७.९. कपाट चार बोटं पुढे घेतल्यावर आकडा उणे २३.१ झाला, दिवा विझला, पॉन हिरवा झाला. घरच्या काकू म्हणाल्या, "झालं की! आता कशाला थांबता?" पण बाहेरची वायर जिथे घरात येते त्या भिंतीच्या डबीच्या झाकणावर आतून जोडणीच्या दिवशी कुणीतरी शहाण्या माणसाने पेनने लिहून ठेवलं होतं: उणे १९.४. म्हणजे अजून ३.७ डीबीचा हिशेब लागत नव्हता. येणारा अर्ध्याहून जास्त प्रकाश वाटेतच हरवत होता, आणि कपाट तर बाजूला झालं होतं.

वायर हातभर तपासली, आणखी कुठे वळण नव्हतं. मग विचारलं, "कपाट हलवताना प्लग काढला होता का?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "दादा, मीच काढला होता. वायर ताणली जात होती म्हणून. तासाभराने परत लावला." तासभर प्लग टोपीशिवाय जमिनीवर पडला होता. काढून हातातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर टोकावर धुळीचा एक पट्टा, थेट मधल्या गाभ्यावरून गेलेला. पेनसारख्या क्लीनरने एक टिचकी मारली, डब्याच्या आतली बाजूही साफ केली, प्लग लावला. आकडा उणे १९.६. जोडणीच्या दिवसापेक्षा दोन दशांशांचा फरक, तो मोजमापातला समजायचा.

ते घर त्या दिवशी उणे २३ वर सोडलं असतं तर काही दिवस सगळं सुरळीत चाललं असतं. मग एखाद्या दिवशी बाहेरच्या खांबावरच्या जोडात जरा ओल शिरली असती, किंवा दुसऱ्या कुणी वायर आणखी थोडी दाबली असती, आणि नेट तासातासाला तुटायला लागलं असतं. अशी तक्रार शोधायला सगळ्यात अवघड, कारण तंत्रज्ञ येतो तेव्हा दिवा हिरवा असतो. दोन छोट्या चुका एकावर एक बसल्या की दुसरीमुळे मर्यादा ओलांडली जाते. तुम्ही त्यातली एकच काढता, उरलेली तशीच राहते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे: प्लग काढून पुसायचा का? प्लग काल कुणी उघडला नसेल तर नाही. उघडला असेल आणि तुमच्याकडे योग्य साहित्य असेल तरच हो. योग्य साहित्य म्हणजे अडीच मिलिमीटरच्या नळीसाठीचा टिचकीचा क्लीनर-पेन. नसेल तर तंतू न सोडणारं वाइप आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. शर्टाची बाही, टिशू आणि कानातली कापसाची काडी धागे सोडतात. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण जातात. हात स्वच्छ करायच्या सॅनिटायझरमध्ये त्वचा मऊ राहावी म्हणून बऱ्याचदा ग्लिसरीन घातलेलं असतं, त्याची फिल्म काचेवर बसते आणि ती धुळीपेक्षा चिवट. आपलं बोट सगळ्यात वाईट, कारण त्वचेचं तेल काचेवरून कोरड्या कापडाने जातच नाही.

करायचंच ठरवलं तर क्रम असा ठेवा. प्लग काढण्याआधी त्याच्या बाहेरची धूळ कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्या, म्हणजे ती आत पडणार नाही. डब्याचा विजेचा पुरवठा बंद करा. त्याने डब्याकडून जाणारा लेझर थांबतो, पण कंपनीकडून येणारा प्रकाश चालूच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून टोकाकडे कधीही सरळ बघू नका. मोबाईलच्या कॅमेऱ्यात टोक चमकतं का हे बघायचा एक सल्ला फिरतो. त्यातून काही कळत नाही, कारण कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरपुढे आंधळा असतो आणि आपला प्रकाश १४९० चा आहे. काळी चौकट दिसली म्हणजे प्रकाश नाही असं अजिबात नव्हे.

प्लगचं हिरवं अंग धरून सरळ मागे ओढा, पिवळी वायर धरून नव्हे. क्लीनर-पेन असेल तर टोकावर ठेवून एकदा दाबा, टिक आवाज येतो, झालं. कोरडं साफ करणं बहुतेक वेळा पुरतं. वाइप असेल तर अल्कोहोलचा एक थेंब टाकून एकाच दिशेने एकदा पुसा, मग लगेच वाइपच्या कोरड्या भागावरून पुन्हा एकदा. गोल गोल घासू नका, कण असेल तर तो काचेवर ओरखडा काढतो आणि तो ओरखडा कुठल्याही क्लीनरने जात नाही. परत लावताना प्लगच्या एका बाजूची उंच पट्टी खाचेशी जुळवा आणि टक असा आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला प्लग ही घरी साफ केल्यानंतर मला सर्वाधिक दिसलेली चूक आहे.

हिरव्या प्लगबद्दल एवढंच की त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात घातला तर तो बसतो, पण दोन टोकांमध्ये पाचरीसारखी फट राहते आणि काही डीबी सहज जातात. तात्पुरती दुसरी वायर कुणी आणून दिली तर रंग बघून लावा.

वायर मोकळी केली, प्लग नीट आहे, तरीही लाल. किंवा प्लग उघडायचं साहित्य नाही. आता फोन. रीस्टार्टची सूचना त्यांच्या समोरच्या यादीत पहिली असते, त्यामुळे समोरच्याशी वाद घालू नका, पुढचं वाक्य लगेच त्याच्या हातात द्या. त्यांच्याकडच्या यंत्रात तुमचा डबा कशामुळे बंद पडला याची नोंद असते. जोडलेल्या डब्याची वीज गेली तर तो विझता विझता एक शेवटचा निरोप पाठवतो, ज्याला ते डाइंग गॅस्प म्हणतात. प्रकाश तुटला तर तो निरोप जात नाही, नुसती सिग्नल हरवल्याची नोंद होते. म्हणून कुणी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करायला लावलं, आणि दरम्यान डबा अधूनमधून जोडला जात असेल, तर त्या नोंदीत विजेचे प्रसंग मिसळतात आणि खरं कारण मागे पडतं. दोनदा केलंत, पुरे झालं.

मी असतो तर असं बोललो असतो:

"नमस्कार. आज सकाळी सातपासून एलओएस लाल आहे आणि पॉन बंद आहे. वीज गेली नव्हती. डबा दोनदा बंद-चालू केला, फरक नाही. घरात वायर सोफ्यामागे दाबली गेली होती, ती मोकळी केली आहे, तरी दिवा लाल आहे. प्लग काढलेला नाही. कृपया तुमच्याकडे माझ्या डब्याला मिळणाऱ्या प्रकाशाची शेवटची नोंद किती होती आणि जोडणीच्या वेळी किती होती ते सांगा. घरी पॉवर मीटर आणि क्लीनर घेऊन येणारा माणूस पाठवा. तक्रार क्रमांक द्या."

तुमच्याकडे पानावरचा आकडा असेल तर तोही सांगा, वायर सोडवण्याआधीचा आणि नंतरचा. वायर चेपली गेली हे लपवू नका. तक्रारीत ते लिहिलेलं असेल तर येणारा माणूस नवी वायर बरोबर आणतो, नाहीतर दुसरी फेरी होते. वायर बदलण्याचे पैसे कुणी द्यायचे हे कराराप्रमाणे वेगवेगळं असतं, ते फोनवरच विचारून घ्या. आणि फोन करण्याआधी शेजारी एकाच कंपनीचं नेट असेल तर तिथे डोकावा. त्यांच्याकडेही त्याच वेळी लाल झालं असेल तर बिघाड बाहेर आहे, तुमचा सोफा निव्वळ योगायोग. तेही वाक्यात घाला, कारण एकापेक्षा जास्त घरं बंद असतील तर ते वेगळ्या पथकाकडे जातं.

माणूस येईल तेव्हा त्याने भिंतीच्या डबीपाशी आणि डब्यापाशी, दोन्ही ठिकाणी मोजमाप घ्यावं असा आग्रह धरा. भिंतीपाशी उणे २० आणि डब्यापाशी उणे २७ असेल तर दोष त्या मधल्या दोन-तीन मीटरच्या वायरीत आहे, ती बदलली की प्रश्न मिटतो. भिंतीपाशीच उणे २७ असेल तर घरातली वायर कितीही बदलली तरी काही होणार नाही, त्याने बाहेर जायला हवं. वायर तडकली आहे का हे बघायला त्याच्याकडे लाल प्रकाशाचं पेन असतं. तो प्रकाश दिसणारा असल्यामुळे तुटलेल्या जागी वेष्टणातून लाल ठिपका झळकतो, पिवळ्या बारीक वायरीवर तर स्पष्ट. तुमच्या दुमडीच्या जागी तो ठिपका दिसला तर पुढे काही तपासायला नको.

काम झाल्यावर त्याच्याकडून शेवटचा आकडा आणि तारीख भिंतीच्या डबीच्या झाकणाच्या आत लिहून घ्या. उरलेली वायर दुमडून सोफ्यामागे कोंबू नका, मनगट सहज आत जाईल एवढी मोठी वळी करून भिंतीला वर अडकवा, आणि सोफ्याचा पाय वायरीपासून हातभर लांब ठेवा.